सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडल्यावर नीट बाहेर कसं पडायचं

सायबर कॅफे, ग्रंथालय, कॉलेजची लॅब, हॉटेलची लॉबी. अशा ठिकाणी ईमेल उघडून काम झालं की बहुतेक जण वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करतात आणि उठतात. खिडकी बंद झाली म्हणजे ईमेलही बंद झालं, असा समज असतो. तसं होत नाही. पुढच्या माणसाने तोच ब्राउझर उघडून जीमेलचा पत्ता टाकला तर तुमचा इनबॉक्स पासवर्ड न विचारता उघडू शकतो.

कारण साधं आहे. तुम्ही पासवर्ड बरोबर दिला की ईमेलचा सर्व्हर त्या ब्राउझरला एक छोटी नोंद देतो, तिला कुकी म्हणतात. कार्यक्रमाच्या दारावर तिकीट तपासून मनगटाला पट्टा बांधतात, तशी ही कुकी काम करते. नंतर प्रत्येक पान उघडताना सर्व्हर पासवर्ड विचारत नाही, फक्त ही कुकी बघतो. जीमेलची कुकी खिडकी बंद केल्यावर आपोआप जात नाही, ती ब्राउझरमध्ये दीर्घकाळ राहते. 'Sign out' दाबल्यावर मात्र ब्राउझर सर्व्हरला कळवतो की हे सत्र संपलं, आणि ती कुकी निकामी होते. म्हणून फुली आणि साइन आउट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

या लेखात एकच प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे: विंडोजचा कॉम्प्युटर, क्रोम ब्राउझर, जीमेलचं खातं, आणि काम म्हणजे ईमेलला जोडलेली एक पीडीएफ छापून घेणं. दुसरा ब्राउझर किंवा दुसरी ईमेल सेवा असेल तर नावं थोडी बदलतील, क्रम हाच राहील.

बसल्या बसल्या करायची तयारी

सुरक्षित बाहेर पडण्याचं अर्धं काम लॉगिन करण्याआधीच होतं. आधीच्या माणसाने उघड्या ठेवलेल्या ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करा. मग क्रोम नव्याने उघडा आणि कीबोर्डवर Ctrl + Shift + N दाबा. गडद रंगाची इन्कॉग्निटो खिडकी उघडेल. एजमध्येही हीच बटणं चालतात, तिथे तिला इनप्रायव्हेट म्हणतात. फायरफॉक्समध्ये Ctrl + Shift + P.

आधीच्या खिडक्या बंद करायला सांगण्यामागे कारण आहे. एका वेळी उघड्या असलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या एकच कुकींचा साठा वापरतात. आधीच्या माणसाची एखादी इन्कॉग्निटो खिडकी खाली टास्कबारमध्ये लपून उघडी राहिली असेल, तर तुम्ही उघडलेली नवी खिडकी तिच्यातच सामील होते. मग तुम्ही तुमची खिडकी बंद केली तरी साठा पुसला जात नाही, कारण दुसरी अजून उघडी असते. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजवीकडे 'Incognito' असं दिसतं. एकाहून जास्त खिडक्या उघड्या असतील तर त्याच्या शेजारी संख्याही येते. ती संख्या दिसली की समजायचं, कुठेतरी आणखी एक खिडकी आहे.

काही ठिकाणी इन्कॉग्निटोची सोय मुद्दाम बंद केलेली असते. तेव्हा क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून 'Guest' हा पर्याय शोधा. गेस्ट खिडकीही बंद केल्यावर कुकी आणि इतिहास मागे ठेवत नाही. तोही पर्याय नसेल तर साध्या खिडकीत काम करावं लागेल. अशा वेळी शेवटची सफाई हाताने करायची, ती पुढे सांगितली आहे.

लॉगिन करताना तीन प्रश्न, तिन्हींना नकार

पहिला प्रश्न पासवर्ड जतन करण्याचा. साध्या खिडकीत लॉगिन झाल्यावर क्रोम 'Save password?' असं विचारतो. घाईत निळं बटण दाबलं जातं आणि पासवर्ड त्या मशीनवर राहतो. मग तुम्ही कितीही नीट साइन आउट केलं तरी पुढच्या माणसाला लॉगिनच्या पानावर तुमचं नाव आणि पासवर्ड भरून मिळतो. 'Never' किंवा 'No thanks' निवडा.

दुसरा प्रश्न दोन टप्प्यांच्या पडताळणीचा. मोबाइलवर आलेला कोड टाकता त्याच पानावर 'Don't ask again on this device' अशी चौकट असते आणि बऱ्याचदा तिच्यावर आधीच टिक असते. ती टिक काढा. राहिली तर गूगल त्या मशीनला विश्वासू समजतं आणि पुढच्या वेळी तिथून कोड मागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ईमेलमध्ये याच टप्प्यावर 'Stay signed in?' असं विचारतात, तिथे 'No'. याहूमध्ये 'Stay signed in' ची टिक काढायची.

तिसरा प्रश्न सगळ्यात फसवा, कारण तो ईमेलचा वाटतो पण असतो ब्राउझरचा. साध्या खिडकीत जीमेलला लॉगिन केलं की क्रोम स्वतःलाही त्याच खात्याने जोडून घेण्याबद्दल विचारतो: क्रोममध्ये साइन इन करायचं का, सिंक सुरू करायचं का. २०१८ पासून क्रोममध्ये जीमेलचं लॉगिन आणि ब्राउझरचं लॉगिन एकमेकांना जोडलेलं आहे. इथे 'होय' म्हणालात तर तुमचे बुकमार्क, इतिहास आणि घरच्या कॉम्प्युटरवर जतन केलेले इतर वेबसाइटचे पासवर्डही त्या मशीनवर येऊ शकतात. म्हणजे आणायची होती एक पीडीएफ आणि सोबत आली सगळी किल्ल्यांची जुडी. 'Use Chrome without signing in' किंवा 'No thanks' असा जो नकाराचा पर्याय असेल तो निवडा. इन्कॉग्निटो खिडकीत हा प्रश्न येतच नाही, आणि आमच्या मते इन्कॉग्निटो वापरण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

पासवर्ड दुसरीकडून कॉपी करून आणला असेल तर तो विंडोजच्या क्लिपबोर्डमध्ये राहू शकतो. विंडोजचं बटण आणि V एकत्र दाबलं की क्लिपबोर्डचा इतिहास दिसतो. तो सुरू असेल तर तिथलं 'Clear all' दाबा.

फाइल छापताना

पीडीएफ छापायची तर ती डाउनलोड करायलाच हवी असं नाही. ईमेलमधल्या फाइलच्या चित्रावर क्लिक केलं की ती ब्राउझरमध्येच मोठी उघडते आणि वर प्रिंटरचं चिन्ह दिसतं. तिथूनच छापा. असं केलं की 'Downloads' फोल्डरमध्ये प्रत राहत नाही. इन्कॉग्निटोबद्दल एक गैरसमज इथे नडतो: खिडकी बंद झाली की इतिहास आणि कुकी जातात, पण डाउनलोड केलेली फाइल जागेवरच राहते. तिला कोणी हात लावत नाही.

डाउनलोड करावीच लागली, तर काम संपल्यावर फाइल एक्सप्लोररमध्ये 'Downloads' फोल्डर उघडा. यादी तारखेप्रमाणे लावली की तुमची फाइल सगळ्यात वर येते. एकच फाइल दोन-तीनदा डाउनलोड झाली असेल तर नावापुढे (1), (2) असे आकडे लागलेल्या प्रती असतात, त्याही बघा. मग फाइल निवडून Shift + Delete दाबा. नुसतं Delete दाबलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि दोन क्लिकमध्ये परत येते. Shift सोबत दाबलं की बिनमध्ये जात नाही. फाइल परत मिळवणारी खास सॉफ्टवेअर वापरून तीही कधी कधी काढता येते, पण निदान सहज कोणाच्या हाती लागणार नाही. ओळखपत्राची प्रत किंवा बँकेचं स्टेटमेंट असेल तर डाउनलोड टाळण्याचा मार्गच बरा.

वर्डची फाइल उघडली असेल तर वर्डच्या 'Recent' यादीत तिचं नाव राहतं. फाइल काढून टाकल्यावर ती तिथून उघडणार नाही, पण नावावरूनही बरंच कळतं. नावावर उजवं क्लिक करून 'Remove from list' निवडा.

प्रिंटरकडेही एक नजर टाका. कागद अडकला किंवा संपला म्हणून तुम्ही पुन्हा एकदा छापायला दिलं, तर पहिला हुकूम रांगेत थांबून राहतो. नंतर कोणीतरी कागद भरतो आणि तुमच्या कागदाची दुसरी प्रत तुम्ही गेल्यावर बाहेर येते. टास्कबारच्या उजव्या टोकाला प्रिंटरचं छोटं चिन्ह दिसत असेल तर त्यावर डबल क्लिक करा. रांगेत तुमच्या फाइलचं नाव असेल तर त्यावर उजवं क्लिक करून 'Cancel' करा.

उठण्याआधी, या क्रमाने

१. लिहून अर्धवट राहिलेलं ईमेल असेल तर ते पाठवा किंवा ड्राफ्टमध्ये जतन होऊ द्या. मग जीमेलच्या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या गोल चित्रावर क्लिक करा आणि 'Sign out' दाबा. एकाहून जास्त खाती उघडली असतील तर तिथे 'Sign out of all accounts' लिहिलेलं असतं.

२. पान बदलेपर्यंत थांबा. साइन आउटचा निरोप सर्व्हरपर्यंत जावा लागतो. नेमकं त्याच वेळी इंटरनेट गेलं आणि पान गोल गोल फिरत राहिलं, तर साइन आउट झालं असं धरू नका.

३. साध्या खिडकीत काम केलं असेल तर आता 'Choose an account' असं पान दिसेल. त्यावर तुमचा ईमेल पत्ता आणि शेजारी 'Signed out' असं असेल. आत शिरता येत नसलं तरी पत्ता पुढच्या प्रत्येकाला दिसत राहतो. खालचं 'Remove an account' दाबा, तुमच्या नावासमोरचं चिन्ह दाबा आणि खात्री विचारल्यावर हो म्हणा.

४. खात्री करून घ्या. नव्या टॅबमध्ये mail.google.com टाइप करा. लॉगिनचं पान आलं तर काम झालं. इनबॉक्स उघडला तर पहिल्या पायरीवर परत जा. मागे जाण्याच्या बाणाने ही तपासणी करू नका. ब्राउझर कधी कधी आठवणीतलं जुनं पान दाखवतो, त्यावरून नक्की काहीच कळत नाही.

५. सगळ्या खिडक्या बंद करा. इन्कॉग्निटोची शेवटची खिडकी बंद झाल्यावरच तिचा साठा पुसला जातो.

इथे एक मोठी फट राहते आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. जीमेलमधून साइन आउट केल्यावर त्या ब्राउझरमधलं गूगल ड्राइव्ह, यूट्यूब यांसारखं गूगलचं बाकी सगळंही बंद होतं. पण त्याच बैठकीत तुम्ही एखाद्या नोकरीच्या किंवा खरेदीच्या वेबसाइटवर 'Sign in with Google' वापरून आत गेला असाल, तर त्या साइटने तुम्हाला तिची स्वतःची वेगळी कुकी दिलेली असते. गूगलमधून बाहेर पडल्याने ती जात नाही. अशा प्रत्येक साइटवर जाऊन तिथलं वेगळं लॉगआउट करावं लागतं. इन्कॉग्निटोमध्ये मात्र सगळ्या खिडक्या बंद होताच या साऱ्या कुकी एकदम जातात.

साध्या खिडकीत काम केलं असेल तर जास्तीची सफाई

पाचवी पायरी करण्याआधी Ctrl + Shift + Delete दाबा. क्रोमचा डेटा पुसण्याचा चौकोन उघडेल. वेळेच्या जागी तुम्ही किती वेळ बसला होतात त्याहून मोठा पर्याय घ्या. दीड तास बसला असाल तर 'Last hour' पुरणार नाही, 'Last 24 hours' घ्या. इतिहास, कुकी आणि कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती, या तिन्हींवर टिक असू द्या. यामुळे त्या काळात तिथे बसलेल्या दुसऱ्यांचीही लॉगिन जातील, पण सामायिक मशीनवर त्यात कोणाचं नुकसान नाही. मात्र हे साइन आउट झाल्यावरच करा. क्रोम तुमच्या खात्याशी जोडलेला असताना इतिहास पुसला तर तो तुमच्या स्वतःच्या फोनवरूनही पुसला जाऊ शकतो.

म्हणून डेटा पुसण्याआधी पत्त्याच्या पट्टीच्या उजवीकडचं गोल चित्र बघा. हे चित्र ब्राउझरचं असतं, जीमेलच्या पानाच्या आतलं चित्र वेगळं. नवख्या माणसाची गल्लत इथेच होते: पानातल्या चित्रावरून साइन आउट केलं आणि ब्राउझर मात्र जोडलेलाच राहिला. तिथे तुमचा फोटो, नावाचं आद्याक्षर किंवा 'Paused' असा शब्द दिसत असेल, तर त्यावर क्लिक करून तिथून साइन आउट करा. लॉगिन करताना तुमच्या नावाचं वेगळं क्रोम प्रोफाइल तयार झालं असेल, तर याच मेनूतून प्रोफाइलची यादी उघडा, तुमच्या कार्डावरच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'Delete' निवडा.

वीज गेली, मशीन अडकलं, किंवा विसरूनच गेलात

कॉम्प्युटर अचानक बंद पडला तर साइन आउट झालेलं नसतं. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर क्रोम आधीची पानं परत उघडण्याबद्दल विचारतो आणि कुकी जिवंत असेल तर तुमचा इनबॉक्स तसाच समोर येतो. अशा वेळी त्या मशीनची वाट बघत बसू नका. स्वतःच्या फोनवरून दार बंद करता येतं.

फोनच्या ब्राउझरमध्ये myaccount.google.com उघडा आणि सुरक्षेच्या विभागात जा. तिथे 'Your devices' खाली 'Manage all devices' आहे. यादीत तुमचा फोन आणि त्याशिवाय एक विंडोजचा कॉम्प्युटर दिसेल. त्यावर टॅप केल्यावर ब्राउझरचं नाव, वेळ आणि ठिकाण कळतं. ठिकाण अंदाजे असतं, शेजारच्या शहराचंही येऊ शकतं, म्हणून ओळख वेळेवरून पटवा. घरी स्वतःचाही विंडोज कॉम्प्युटर असेल तर दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. शंका असेल तर दोन्हींवर 'Sign out' दाबा. घरच्या मशीनवर पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढंच.

दुसरा रस्ता स्वतःच्या कॉम्प्युटरवरून. जीमेलचा इनबॉक्स अगदी खालपर्यंत सरकवला की उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'Last account activity' आणि त्याखाली 'Details' दिसतं. ते दाबल्यावर अलीकडे कुठून कुठून खातं उघडलं त्याची यादी येते, आणि तिथे बाकीची सगळी वेब सत्रं एकदम बंद करण्याचं बटण मिळतं.

मायक्रोसॉफ्टच्या ईमेलसाठी account.microsoft.com वर सुरक्षेच्या प्रगत पर्यायांमध्ये सगळीकडून साइन आउट करण्याची सोय आहे. तिचा परिणाम व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून सोबत पासवर्डही बदला.

टिक काढायची राहून गेली असेल आणि ते मशीन विश्वासू म्हणून नोंदलं गेलं असेल, तर गूगलच्या दोन टप्प्यांच्या पडताळणीच्या पानावर सगळ्या विश्वासू उपकरणांची परवानगी काढून घेण्याचा पर्याय आहे. तोही वापरा.

साइन आउट कुठे कमी पडतं

मशीनवर कीलॉगर असेल, म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण गुपचूप टिपणारं सॉफ्टवेअर किंवा कीबोर्डच्या वायरला लावलेला छोटा तुकडा, तर पासवर्ड टाइप केला त्याच क्षणी तो गेलेला असतो. नंतरचं साइन आउट किंवा इन्कॉग्निटो त्याला थांबवू शकत नाही. यावर दोन उपाय आहेत. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू ठेवा, म्हणजे नुसता पासवर्ड चोराच्या उपयोगाचा राहत नाही. आणि घरी पोचल्यावर स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदला. फोन सोबत नसेल अशा प्रवासासाठी गूगलचे बॅकअप कोड आधीच कागदावर लिहून घेता येतात. एका संचात आठ आकड्यांचे १० कोड असतात आणि प्रत्येक एकदाच चालतो, त्यामुळे टिपलेला कोड दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

खातं रात्रभर उघडं राहिलं होतं असं लक्षात आलं, तर पासवर्ड बदलून थांबू नका. कोणी आत शिरलं असेल तर तो पाठवलेल्या ईमेलपेक्षा सेटिंग्जमध्ये खुणा ठेवतो. जीमेलच्या 'Settings' मध्ये 'Forwarding and POP/IMAP' उघडा आणि तुमची ईमेल भलत्याच पत्त्यावर जात नाहीत ना ते बघा. पासवर्ड बदलला तरी असं फॉरवर्डिंग चालूच राहतं. 'Filters and Blocked Addresses' मध्ये तुम्ही न केलेला नियम आहे का ते तपासा. बँकेची ईमेल इनबॉक्समध्ये न येता थेट कचऱ्यात जावीत असा नियम हा नेहमीचा प्रकार आहे. 'Accounts' मध्ये 'Grant access to your account' समोर कोणाचं नाव नसावं. 'Trash' ही उघडून बघा, तिथे काढून टाकलेली ईमेल ३० दिवस राहतात. शेवटी गूगल खात्यातला पर्यायी ईमेल पत्ता आणि मोबाइल नंबर तुमचेच आहेत ना ते पाहा, कारण ते बदललेले असतील तर नवा पासवर्डही तुमच्या हातात फार दिवस राहणार नाही.